एकाच कथेतली तिन्ही प्रकारची आयरनी असाइनमेंटमध्ये कशी उलगडायची

बी.ए. इंग्लिशची मुलं पुण्यात माझ्याकडे असाइनमेंट दाखवायला येतात, आणि आयरनीचा टॉपिक असला की दहातल्या आठ जणांचं पहिलं पान सारखंच असतं. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमधल्या व्हर्बल, ड्रॅमॅटिक आणि सिच्युएशनल आयरनीच्या तीन व्याख्या, प्रत्येकीखाली एकेक वाक्य कथेतलं, संपलं. यात चूक काही नसते, पण त्या वाक्यात आयरनी नेमकी कुठे आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि मार्क तिथेच जातात. म्हणून मी ज्या पद्धतीने करायला सांगते ती इथे एका कथेवर करून दाखवते. कथा एडगर ॲलन पो यांची, 'द कास्क ऑफ अमाँटिलाडो', 1846 ची. छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते आणि तिन्ही प्रकार तिच्यात भरभरून आहेत.

कथा थोडक्यात. माँट्रेसर नावाचा माणूस पहिल्याच परिच्छेदात सांगतो की फॉर्च्युनॅटोने माझा अपमान केला, मी सूड घेणार. कार्निव्हलच्या संध्याकाळी तो फॉर्च्युनॅटोला गाठतो. फॉर्च्युनॅटो आधीच प्यायलेला, विदूषकाचे कपडे, टोपीला घुंगरू. माँट्रेसर म्हणतो, अमाँटिलाडो ही वाइन म्हणून एक पिंप घेतलंय पण ती खरी आहे का शंका आहे, लुक्रेसीला दाखवायला निघालोय. फॉर्च्युनॅटोला आपल्या वाइनच्या पारखीचा भारी अभिमान, तो म्हणतो लुक्रेसीला काय कळतंय, मीच येतो. मग दोघं माँट्रेसरच्या घराण्याच्या थडग्यांच्या तळघरात उतरतात आणि शेवटी माँट्रेसर त्याला एका कोनाड्यात साखळीने बांधून समोर भिंत रचतो.

आता पहिलं काम, आणि इथे लेबलं अजिबात लावायची नाहीत. पेन्सिल घेऊन कथा परत वाचा आणि जिथे खटकतं तिथे समासात फक्त एवढं लिहा की त्या क्षणी कोणाला काय माहीत आहे: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि वाचकाला. एवढं केलं ना, की प्रकार आपोआप वेगळे व्हायला लागतात.

उदाहरणाला खोकल्याची जागा घ्या, कथेतली सगळ्यात कामाची जागा हीच. तळघरात ओल आहे, भिंतींवर क्षार साचलेत, फॉर्च्युनॅटोला खोकल्याची उबळ येते. माँट्रेसर म्हणतो चल परत जाऊ, तुझी तब्येत मोलाची आहे. फॉर्च्युनॅटो म्हणतो, खोकल्याने मी काही मरत नाही. माँट्रेसर उत्तर देतो, खरंय, खरंय. आता समासात लिहा. फॉर्च्युनॅटोला वाटतंय आपण साधं बोलतोय, त्याला धोक्याची कल्पनाच नाही. वाचकाला सूड ठरलाय हे माहीत आहे. म्हणजे त्याचं वाक्य ड्रॅमॅटिक आयरनी, कारण बोलणाऱ्यालाच आपल्या बोलण्याचा पूर्ण अर्थ माहीत नाही आणि आपल्याला तो दिसतोय. पण लगेच पुढचं 'खरंय' हे व्हर्बल, कारण माँट्रेसर जाणूनबुजून दुहेरी बोलतोय. लागोपाठच्या दोन वाक्यांत दोन वेगळे प्रकार, आणि हे जर तुम्ही दाखवलंत तर तपासणाऱ्याला लगेच कळतं की कथा वाचलेली आहे.

इथेच व्याख्येची गडबड पण कळते. 'बोलायचं एक आणि अर्थ उलटा' अशी व्हर्बल आयरनीची व्याख्या सगळे लिहितात, पण 'खरंय' मध्ये उलटं काय आहे? तो शब्दशः खरं बोलतोय, फॉर्च्युनॅटो खोकल्याने मरणार नाहीच, भिंतीमागे मरणार आहे. म्हणून व्याख्या अशी लिहा की वरवर कळणारा अर्थ आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ यांच्यात त्याने मुद्दाम ठेवलेलं अंतर. थोड्याच वेळाने दोघं वाइन पितात, फॉर्च्युनॅटो इथे पुरलेल्यांच्या नावाने पितो आणि माँट्रेसर म्हणतो, तुझ्या दीर्घायुष्यासाठी. हे मात्र सरळ उलट्या अर्थाचं. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवलीत तर व्याख्या पाठ केलेली नाही, समजलेली आहे हे दिसतं. टोमणा म्हणजेच व्हर्बल आयरनी असंही लिहू नका. उशिरा आलेल्या मुलाला आई 'लवकर आलास रे' म्हणते तेव्हा ते त्याला लागावं म्हणूनच म्हणते, तो टोमणा. माँट्रेसरचं बोलणं फॉर्च्युनॅटोला कळूच नये असं बेतलेलं आहे.

ड्रॅमॅटिकचं लिहिताना एक काळजी घ्या, वाचकाला कधी कळलं ते नक्की लिहा. सूड घेणार हे पहिल्या परिच्छेदापासून माहीत असतं, पण कसा ते माहीत नसतं. फॉर्च्युनॅटो विचारतो, तू मेसन आहेस का, म्हणजे फ्रीमेसन या गुप्त संघटनेचा सदस्य, आणि माँट्रेसर अंगरख्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो, कारण इंग्रजीत मेसन म्हणजे गवंडीसुद्धा. पहिल्यांदा वाचताना ही विचित्र मस्करी वाटते, भिंतीचं कळल्यावर दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. 'वाचकाला सगळं माहीत असतं' असं सरसकट लिहिलंत तर हा फरक हातातून जातो.

सिच्युएशनलला सगळ्यात जास्त वेळ द्या कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नुसतं अनपेक्षित किंवा दुर्दैवी घडलं म्हणजे आयरनी नाही. पेपरच्या दिवशी पाऊस आला हे नशीब, पण पावसात अडकू नये म्हणून लांबचा रस्ता धरला आणि नेमकं तिथेच पाणी तुंबलेलं निघालं तर ती आयरनी, कारण टाळायला जे केलं त्यानेच अडकवलं. कथेत तसं काय आहे ते शोधा. फॉर्च्युनॅटोला ज्या पारखीचा अभिमान तीच त्याला तळघरात ओढून नेते. त्याच्या नावात नशीबवान असा अर्थ आहे हेही लिहिता येईल, पण एका ओळीत, त्यावर अख्खा परिच्छेद टिकत नाही.

माझ्या मते खरी दमदार सिच्युएशनल आयरनी मात्र माँट्रेसरच्या बाजूला आहे आणि ती फार कमी जण लिहितात. सुरुवातीला तो स्वतःच अट घालतो की सूड कोण घेतोय हे अपराध्याला जाणवलं नाही तर तो सूडच नाही. आणि शेवटी काय होतं? अपमान कोणता होता ते तो फॉर्च्युनॅटोला सांगतच नाही, आणि शेवटची हाक मारली तर आतून फक्त घुंगरांचा आवाज येतो. खून साधला, सूड साधला का हे त्याच्याच मापाने सांगता येत नाही. हा अर्थ लावण्याचा भाग आहे, म्हणून 'असं वाचता येतं कारण' असं लिहा आणि पहिल्या परिच्छेदातली अट व शेवटचं घुंगरू दोन्ही शब्दशः उद्धृत करा.

लिहिताना प्रत्येक परिच्छेदाचा क्रम असा ठेवा: आधी जागा, मग छोटं उद्धरण, मग कोणाला काय माहीत, मग प्रकाराचं नाव, आणि शेवटी त्यामुळे कथेत काय होतं. खोकल्याच्या परिच्छेदाचा शेवट असा होऊ शकतो: 'माँट्रेसर परत जाऊ म्हणतो त्यामुळे फॉर्च्युनॅटोचा हट्ट वाढतो, आणि पुढे जायचा निर्णय त्याचाच ठरतो.' उद्धरणं आठवणीतून लिहू नका, कथेवरून शब्द न शब्द ताडून घ्या.

सबमिट करायच्या आधी मसुद्यातली आयरनीची तिन्ही नावं बोटाने झाका आणि परिच्छेद परत वाचा. नाव न दिसताही कुठला प्रकार आहे ते कळलं तर ठीक, नाही कळलं तर त्या परिच्छेदात कोणाला काय माहीत होतं हे अजून लिहायचं राहिलंय.