इतिहासाच्या पेपरमधील दीर्घ प्रश्नांची निवड: आठ मिनिटांचे काम

यूपीएससी मुख्य परीक्षेला इतिहास हा वैकल्पिक विषय घेऊन मराठी माध्यमातून उत्तरे लिहिणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. पेपरची रचना आपल्याला ठाऊक आहेच: आठपैकी पाच प्रश्न, पहिला आणि पाचवा अनिवार्य, उरलेल्या सहांतून तीन निवडायचे आणि प्रत्येक विभागातून किमान एक घ्यायचा. प्रत्येक प्रश्न 50 गुणांचा असतो, पण तो सहसा 20, 15 आणि 15 गुणांच्या तीन उपप्रश्नांत विभागलेला असतो आणि निवडीतली खरी फसगत येथेच होते.

आपण प्रश्न निवडतो म्हणजे प्रत्यक्षात काय करतो? 20 गुणांचा उपप्रश्न वाचतो, तो ओळखीचा वाटला की मनात निर्णय होऊन जातो आणि खालच्या दोन उपप्रश्नांवरून नजर नुसती फिरते. ते दोन मिळून 30 गुणांचे आहेत, म्हणजे आवडलेल्या भागापेक्षा जास्त. मलाही हा मोह अजून होतो, म्हणून मी उपप्रश्न खालून वर वाचतो: आधी क, मग ब, शेवटी अ.

सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी एक उदाहरण घेऊ. दुसऱ्या पेपरात, समजा, दुसऱ्या प्रश्नाचा अ भाग असा आहे: ‘असहकार चळवळीच्या तुलनेत सविनय कायदेभंगातील लोकसहभाग कोणत्या अर्थाने वेगळा होता?’ आपल्याला लगेच मे 1930 मधले सोलापूर, येथे पुकारलेला मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा आठवतात. चार हुतात्म्यांचे पुतळे येता-जाता पाहणाऱ्याचा हात आपसूक लेखणीकडे जातो. पण प्रश्न तुलनेचा आहे. स्त्रियांचा वाढलेला सहभाग, वायव्य सरहद्द प्रांतासारखे अपवाद वगळता मुस्लिमांचा घटलेला सहभाग आणि व्यापारी वर्गाचा पाठिंबा हे मांडले नाही, तर सोलापूरची हकिकत कितीही जिव्हाळ्याने लिहिली तरी ती एका परिच्छेदापुरतीच उपयोगी पडते.

आता त्याच प्रश्नाचा ब भाग मोपला उठावावर आणि क भाग अलिप्ततावादी धोरणावर आहे, आणि या दोन्हींची आपली तयारी वरवरची आहे असे समजा. तिसऱ्या प्रश्नात अ भाग रयतवारीच्या परिणामांवर, ब भाग आर्थिक निःसारणावर आणि क भाग सत्यशोधक समाजावर आहे. यातले काहीच अंगावर रोमांच आणणारे नाही. तरीही प्रामाणिक अंदाज केला तर दुसऱ्या प्रश्नाला 11, 4 आणि 3 मिळून 18 गुण होतात, तर तिसऱ्याला 9, 7 आणि 7 मिळून 23. आवडता प्रश्न पाच गुणांनी महाग पडला.

अंदाज झटपट करण्यासाठी माझी कसोटी एकच आहे. प्रत्येक उपप्रश्नाचे थेट उत्तर एका वाक्यात मनात मांडता येते का, आणि त्या वाक्याला आधार देणारे दोन नेमके तपशील आहेत का? रयतवारीसाठी 1875 चा दख्खनचा उठाव आणि त्यानंतरचा 1879 चा शेतकरी साहाय्य कायदा आठवला, तर खूण करावी. नुसता विषय ओळखीचा वाटला, तर खूण करू नये. ज्या प्रश्नात तिन्ही उपप्रश्नांना खुणा पडतात तो घ्यावा. तसा नसेल तर दोन खुणांचा घ्यावा, मात्र खूण नसलेला भाग 20 गुणांचा नसावा.

क्रमही ठरलेला असावा. आधी प्रत्येक विभागातला सर्वांत भक्कम प्रश्न ठरवावा, मग उरलेल्या चारांतून तिसरा निवडावा; विभागाची अट आपोआप पाळली जाते. हे सारे आठ मिनिटांत संपवले तरी 180 पैकी 172 मिनिटे उरतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला जवळपास 34 मिनिटे. त्यामुळे पहिली मिनिटे वाया जातात ही भीती बाळगू नका. मात्र जागतिक इतिहास सोडून देऊन पेपर निभावतो असे सांगणाऱ्या मार्गदर्शकावर विसंबू नका. दुसऱ्या पेपरचा ब विभाग तोच आहे. त्यातला पाचवा प्रश्न अनिवार्य आहे आणि आणखी एक घ्यावाच लागतो. हमखास प्रश्नांची यादी देणाऱ्यापेक्षा तुमचे एक उत्तर लाल शाईने तपासून देणारा शिक्षक मला कितीतरी मोलाचा वाटतो.

सर्वांत कडक इशारा शेवटच्या चुकीबद्दल आहे. एखादा प्रश्न अर्ध्यावर सोडून दुसरा घेतला, तर सोडलेला भाग स्पष्टपणे खोडा. उत्तरे क्रमाने मोजली जातात आणि न खोडलेला अर्धवट प्रश्नही सोडवलेला धरला जातो. मग नंतर लिहिलेले पूर्ण उत्तर मोजणीतून बाहेर राहू शकते. खोडल्याने गुण कापले जात नाहीत, तेव्हा घाबरू नका.

सरावासाठी अभ्यासिकेत जुना पेपर घ्या, घड्याळ लावून आठ मिनिटांत फक्त निवड करा आणि दुसऱ्या दिवशी निवडलेला एक व नाकारलेला एक असे दोन्ही प्रश्न पूर्ण लिहून एकाच शिक्षकाकडून तपासून घ्या. नाकारलेल्या प्रश्नाला अधिक गुण मिळाले, तर तुमची खूण कोणत्या उपप्रश्नावर चुकली ते लगेच दिसेल.