या चुका टाळा : न दिसणारी घोंगडी शब्दांत उतरवताना

हातमागावरची घोंगडी ऑनलाइन विकताना सर्वात महागात पडणारा शब्द म्हणजे ‘मऊ’. दख्खनी मेंढीची लोकर मुळात जाड आणि भरड असते. त्यातच सुताला चिंचोक्याची खळ दिली असेल, तर नवी घोंगडी ताठ लागते. ‘मऊ, उबदार, नैसर्गिक’ एवढेच वाचून मागवणारा ग्राहक पार्सल उघडताच ती टोचते म्हणून परत पाठवतो, आणि त्याचे चूक आहे असे म्हणता येत नाही.

स्पर्श सांगताना दोन ओळखीच्या वस्तूंच्या मधली जागा दाखवावी. ‘काथ्याच्या पायपुसण्यापेक्षा बरीच मऊ, पण घरच्या स्वेटरपेक्षा खरखरीत, उघड्या हाताला टोचते, सदऱ्यावरून टोचत नाही’ असे लिहिले की वाचणाऱ्याच्या दंडाला ती लोकर जाणवते. हे शब्द सुचत नसतील, तर ज्याने घोंगडी पाहिलेली नाही अशा माणसाला डोळे मिटून ती हाताळायला द्यावी आणि त्याच्या तोंडून निघेल ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. विणकराला विचारून उपयोग नाही. त्याच्या हाताला ती केव्हाच मऊ वाटू लागलेली असते.

वासाबद्दल गप्प राहणे ही दुसरी चूक. नव्या घोंगडीला मेंढरांचा किंचित उग्र, तेलकट वास असतो आणि दमट हवेत तो वाढतो. ‘नैसर्गिक सुगंध’ लिहिल्यास ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘लोकरीचा वास येतो, सावलीत वाऱ्यावर टाकल्यास कमी होत जातो’ असे लिहावे. कुबट वास मात्र वेगळा. तो ओल राहून बुरशी धरल्याची खूण आहे, आणि अशी घोंगडी वर्णनात सांभाळून घेण्याची नसून बाजूला काढण्याची आहे.

वजनाची गफलत पावसाळ्यात होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे जुलैत काट्यावर भरलेले वजन जानेवारीत ग्राहकाच्या घरी कमी भरते आणि तक्रार येते. म्हणून कोरड्या दिवशी वजन करून ‘सुमारे अडीच किलो’ असे लिहावे आणि जोडीला अनुभव द्यावा : ‘अंगावर घेतल्यावर भार जाणवतो, कूस बदलताना सहज सरकत नाही.’

आवाजाचा विचार कुणी करत नाही. पण खळ दिलेली नवी घोंगडी घडी घालताना खरखरते, आणि तेवढ्यावरून तीत प्लास्टिकचा धागा असल्याची शंका घेतली जाते. ‘घडी घालताना कोरडा खरखर आवाज येतो, तो खळीचा आहे, वापराने खळ मोडली की आवाजही जातो’ एवढे वाक्य पुरते. तरीही कुणी शंका घेतलीच, तर सुटा निघालेला एखादा धागा जाळून पाहायला सांगावे : लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, तर प्लास्टिकचा धागा वितळून त्याची कडक गाठ होते.