साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करतो? तक्रार करताना या चुका टाळा

मार्चमध्ये शिरोली एमआयडीसीतला एक पोरगा माझ्याकडं आला, एका कारखान्यात डिस्पॅचला क्लार्क, हातात राजीनामा लिहून तयार. मॅनेजर रोज सगळ्यांसमोर घालून पाडून बोलतो, "अक्कल गहाण टाकून आलास काय" म्हणतो आणि गेले दोन महिने चूक झाली की ऑफिसबाहेर तासभर उभा करतो. पोरगा म्हणाला, दादा आता बास, हे देऊन टाकतो.

मी आधी तो कागद काढून घेतला. रागात दिलेला राजीनामा ही सगळ्यात महागातली चूक, कारण कागदावर "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलं की नंतर जबरदस्तीनं लिहून घेतला हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावरच येतं, आणि कंपनी निवांत म्हणते की तो स्वतःहून गेला.

दुसरी चूक त्यानं आधीच केलेली. पोलीस ठाण्यात जाऊन एनसी नोंदवून आला आणि आता पोलीस साहेबाला उचलतील म्हणून वाट बघत बसला. अपमानाचं कलम भारतीय न्याय संहितेचं 352, ते अदखलपात्र आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करत नाहीत. शिवाय समोरच्यानं शांतता भंग व्हावी अशा चिथावणीच्या हेतूनं अपमान केला हे दाखवावं लागतं. फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की कामावरून वरिष्ठ रागावला, एवढ्यावर जुन्या आयपीसीचं 504 लागत नाही, आणि आताचं 352 म्हणजे तेच. अर्थात मारहाण झाली किंवा जिवाची धमकी आली तर पोलीसच. आणि शिवी जातीवरून असेल, माणूस अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो, पण बंद केबिनमध्ये तिसरं कुणी नसताना बोललेलं असलं तर "लोकांना दिसेल अशी जागा" या अटीवर केस अडकते, म्हणून तिथं कोण कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

बायकांकडून अजून एक चूक होते. कंपनीतल्या पॉश समितीकडं अर्ज देतात. त्रास लैंगिक स्वरूपाचा नसेल तर ती समिती हात लावू शकत नाही आणि महिना वाया जातो.

मग जायचं कुठं? नुसत्या अपमानासाठी, दादागिरीसाठी आपल्याकडं वेगळा कायदा नाही हे आधी मान्य करूया. पण 20 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असायलाच लागते, त्यात मालकाची आणि कामगारांची माणसं सारखी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणं घटनेपासून वर्षाच्या आत अर्ज द्यायचा, समितीनं 30 दिवसांत निकाल द्यायचा. निकाल पटला नाही किंवा मुदतीत लागलाच नाही तर 60 दिवसांत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडं. सुपरवायझरचं काम असून पगार 18,000 च्या वर असेल, किंवा तुम्ही स्वतः मॅनेजर असाल, तर मात्र कायद्यानं तुम्ही "कामगार" नाही, मग एचआर आणि वरचा साहेब एवढाच रस्ता उरतो.

आता अर्ज, सगळं इथं बिघडतं. पोरानं चार पानं लिहिलेली, "मॅनेजर माझा सतत मानसिक छळ करतात". यावर समिती काय करणार, मॅनेजर म्हणणार मी काम सांगतो. आम्ही ते फाडून असं लिहिलं: "9 मार्च, सकाळी 11.20, लोडिंग बे. चलनात एक नग कमी लिहिला म्हणून साहेबांनी दोन हमाल आणि ड्रायव्हरसमोर 'अक्कल गहाण टाकून आलास काय' असं म्हटलं व 12.25 पर्यंत दाराबाहेर उभं केलं." अशा पाच घटना, प्रत्येकी तीन-चार ओळी, साहेबाच्याच तोंडचे शब्द. चलनातली चूक लपवली नाही, कारण ती लपवली की समोरचा तीच धरून बसतो. भांडण चुकीबद्दल नाही, उभं करण्याबद्दल आहे, हे एका ओळीत लिहिलं. शेवटी मागणी: बोलायचं ते केबिनमध्ये बोलावं, उभं करणं बंद व्हावं, आणि 9 तारखेचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवावं. ही फुटेजची ओळ विसरू नका, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग बसतं.

दोन प्रती, एकीवर तारखेसह सही-शिक्क्याची पोच. आवक क्लार्क पोच देईना तेव्हा स्पीड पोस्टानं पोचपावतीसकट पाठवला, शिवाय ईमेल. फोनवर रेकॉर्डिंग असेल तर मूळ फाईल त्याच फोनमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवर ढकलून डिलीट करू नका, कोर्टात गेलं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि तिथं मूळ फोन मागितला की पंचाईत होते.

26 व्या दिवशी समितीसमोर एक हमाल खरं बोलला. मॅनेजरला लेखी समज मिळाली, उभं करणं बंद झालं. नुकसानभरपाई काही मिळाली नाही, ती या समितीकडून मिळतही नाही. पोरगा अजून तिथंच आहे, आणि डायरी रोज लिहितो.