वायंगण: आर्सेनिक टाळायला शेतात साचलेले पाणी बाहेर सोडा, पेजेचे पहिले पाणी ओतून द्या

गोव्यात वायंगणाची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, लावणी आटोपली की बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. रोपे लागली, बांधाचे तोंड बुजवले, आणि मग कापणीपर्यंत शेतातले पाणी कुणी एकदाही बाहेर सोडत नाही. जांभ्याच्या मातीत, विशेषतः डोंगराच्या पायथ्याच्या चिखलट तुकड्यांत, या एका हयगयीने पीक हातचे जाते. जुन्या पानांवर शेंड्याकडून तपकिरी ठिपके येतात, पान तांबूस होऊन वाळते, फुटवे थांबतात. पाण्यावर तेलासारखा तांबडा तवंग दिसतो. काडीने ढवळून पाहा: तवंगाचे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोह आहे, पुन्हा एकत्र आले तर तेल.

अशा वेळी दुकानदार झिंक किंवा टॉनिकची बाटली पुढे करतो. आधी पैसे खर्चू नका, शेतातले पाणी बाहेर सोडा. चार-पाच दिवस शेत उघडे ठेवा आणि केसासारख्या बारीक भेगा दिसल्या की पुन्हा पाणी घ्या. नवी पाने हिरवी येऊ लागली तर दोष पाण्याचा होता.

घरचा तांदूळ खाणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवे, कारण तांदळात उतरणाऱ्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याची वाटही हीच आहे. मातीतले आर्सेनिक लोहाच्या तांबड्या कणांना चिकटून असते. शेत सतत बुडालेले राहिले की मातीत हवा उरत नाही, लोह विरघळते आणि त्याला धरून बसलेले आर्सेनिकही पाण्यात उतरते. भाताचे मूळ सिलिका ओढते त्याच वाटेने ते आत घेते. म्हणून गव्हापेक्षा तांदळात ते जास्त सापडते. गोवा हा बंगाल-बिहारसारखा आर्सेनिकचा ओळखला गेलेला पट्टा नाही, घाबरून जाऊ नये. पण तवंग दिसणे म्हणजे आर्सेनिक आहेच असे नव्हे, आणि तवंग नाही म्हणजे ते नाही असेही नव्हे. शिवाय दोन्ही वेळा भात आणि सकाळी पेज खाणाऱ्या घरात ते रोज थोडे थोडे पोटात जात राहते.

वायंगणात पाणी आपल्या हातात असते, सरदात, म्हणजे पावसाळी भातात, पावसाच्या. म्हणून शेत मधून मधून सुकवण्याचा प्रयोग वायंगणातच करा. 30 सेंटिमीटर लांब, 15 सेंटिमीटर रुंद पाइपच्या खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडा, तो भाग मातीत पुरा आणि आतली माती काढून टाका. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पाणी तोडा. पाइपातली पातळी जमिनीखाली 15 सेंटिमीटरवर गेली की पुन्हा पाणी द्या. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एकेक आठवडा मात्र शेतात पाणी ठेवाच, नाहीतर दाणे पोचट निघतात. शेत फार सुकवू नका. आम्लट मातीत जास्त सुकवले तर आर्सेनिक कमी होते पण कॅडमियम वाढते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतात, हा प्रयोग नको, तिथे सुकलेली माती आणखी आम्लट होते आणि मीठ वर येते.

बाकीची नेहमीची कामे:
- खत हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश
- नत्र तीन हप्त्यांत: लावणीला, फुटव्याला, लोंबी धरताना
- तांबूस पडणाऱ्या तुकड्यात पालाश चुकवू नये
- तण दोनदा काढणे

भाताच्या तुसाची राख चिखलणीत मिसळली तर मुळांना सिलिका जास्त मिळते आणि आर्सेनिकची ओढ थोडी कमी होत असावी, असा आमचा अंदाज आहे. राख घरचीच असते. सिलिकाच्या महाग पुड्या घेऊ नका.

आता चुलीकडे. तांदूळ नुसता धुण्याने फार साधत नाही. कोंडा, धूळ जाते, पण आर्सेनिक दाण्याच्या आत असते. मोजमापांत धुण्याने फार तर दहावा हिस्सा गेला, अनेक जातींत त्याहूनही कमी. खरा फरक पडतो तो भरपूर पाण्यात शिजवून वेळण्याने. एका वाटीला सहा ते दहा वाट्या पाणी घेऊन शिजवले आणि उरलेले पाणी ओतून दिले तर तांदळाच्या प्रकारानुसार अपायकारक आर्सेनिक 40 ते 60 टक्के कमी होते. कुकरात सगळे पाणी भातातच मुरते, म्हणून तिथे काहीच जात नाही.

एक हिशोब पाहा. समजा तांदळात किलोला 0.1 मिलिग्रॅम अपायकारक आर्सेनिक आहे. पांढऱ्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा 0.2 आहे. म्हणजे हा तांदूळ मर्यादेत आहे. दिवसाला 300 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात 30 मायक्रोग्रॅम जातात. सहापट पाण्यात शिजवून वेळला तर साधारण 15 राहतात. पण वेळलेली पेज मीठ घालून प्यायली तर पुन्हा 30. आपल्याकडे उकड्याची पेज पाण्यासकट पितात, म्हणून नुसते जास्त पाणी घालण्याचा इथे उपयोग शून्य.

यावर उपाय सोपा आहे: पहिले पाणी ओतून द्या. एक वाटी तांदूळ धुवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात घालून पाच मिनिटे उकळा आणि ते पाणी वेळणी लावून पूर्ण काढून टाका. मग ताजे पाणी घालून नेहमीसारखा भात किंवा पेज शिजवा. ही दुसरी पेज खुशाल प्या. या रीतीने पांढऱ्या तांदळातले सुमारे 73 टक्के आणि कोंड्यासकटच्या तांदळातले सुमारे 54 टक्के गेलेले मोजले आहे. उकड्याचा दाणा घट्ट असतो, म्हणून त्याला पाचाऐवजी दहा मिनिटे द्यावी असे आम्हाला वाटते. कोंडा राखलेल्या लाल उकड्यात आर्सेनिक थोडे जास्त राहते, तेव्हा तिथे ही पायरी चुकवू नये.

सहापट पाण्याची रीत बिघडते ती एकाच कारणाने: उकडा तासभर चुलीवर राहतो, पाणी आटते आणि वेळायला काही उरत नाही. वेळताना वाटीमागे निदान दोन वाट्या पाणी निघाले पाहिजे. कमी वाटले तर मध्ये उकळते पाणी घाला.

वेळलेल्या पाण्याबरोबर बी जीवनसत्त्वांचा काही भाग जातो. डाळ, पालेभाजी रोज असेल तर चालते. तान्ह्या मुलाला रोज तांदळाचीच पेज नको, एक दिवसाआड नाचणीचे तिझण द्या. लहान अंगाला तेवढाच तांदूळ जास्त जड पडतो.

या सगळ्याचा उपयोग पाणी चांगले असेल तरच. विहिरीच्या पाण्यात लिटरला 50 मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, तर 300 ग्रॅम तांदळात मुरलेले 600 मिलिलिटर पाणीच 30 मायक्रोग्रॅम भर घालते आणि धुण्या-वेळण्याची मेहनत वाया जाते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. आर्सेनिकला रंग, वास, चव नाही आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटले की दाट होते. बोअरवेलचे पाणी घरात येत असेल तर तपासणीच्या अर्जात आर्सेनिकचे नाव वेगळे लिहा, नेहमीच्या तपासणीत ते असेलच असे नाही. अहवाल हातात येईपर्यंत फिल्टर विकणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. उकड्यासाठी भात भिजवायलाही तेच तपासलेले पाणी वापरा, आणि भिजवलेले पाणी त्याच भांड्यात उकडायला न ठेवता बदला.