द्राक्ष बागायतदारांच्या ग्राहक ग्रुपचे नियम लिहिताय? या चुका टाळा

तासगाव, मिरज, पलूस भागात औषध-खतांच्या अनेक दुकानांचे ग्राहकांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. त्यात नियमांचा मेसेज बहुतेक वेळा असा असतो: "सर्वांशी आदराने बोला, फक्त शेतीविषयक बोला, जाहिरात करू नये." हा मेसेज कोणालाच अडवत नाही. आपण अनादर करतोय असं भांडणाऱ्याला वाटत नसतं आणि आपला बेदाणा विकायला टाकणाऱ्याला ती जाहिरात वाटत नाही. नियमात गुण सांगू नका, काय करायचं आणि काय नाही ते सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूक प्रश्नांच्या नियमात होते. "प्रश्न नीट विचारा" एवढंच लिहिलं की सकाळी सहाला मेसेज येतो: "पानं पिवळी पडल्यात, काय मारू?" सोबत वरून काढलेला एक फोटो. त्यावर पाच जण पाच औषधं सांगतात आणि माणूस त्यातली दोन एकत्र करून मारून मोकळा होतो. म्हणून प्रश्नासोबत काय हवं, ते नियमातच लिहा: वाण (सोनाका, थॉमसन, माणिक चमन जे असेल ते), छाटणीची तारीख, शेवटच्या दोन फवारण्या आणि प्रत्येकीचं लिटरला प्रमाण, दोन-तीन दिवसांत पाऊस किंवा दव होतं का, आणि त्याच पानाचे दोन फोटो, एक वरून आणि एक उलट बाजूने.

उलट बाजूचा फोटो सक्तीचाच ठेवा. केवडा म्हणजे डाऊनी असेल, तर वरून तेलकट पिवळा डाग दिसतो आणि खाली त्याच जागी पांढरी बुरशी येते. अन्नद्रव्याच्या कमतरतेने पान पिवळं पडलं असेल, तर खाली बुरशी नसते. वरून दोन्ही सारखी वाटू शकतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. डाग अगदी नवा असेल तर बुरशी अजून आलेली नसते, त्यामुळे फोटोवर सगळं ठरत नाही; अशा वेळी "दुकानात पान घेऊन या" हेच उत्तर योग्य.

उत्तर देणाऱ्यालाही नियम हवा. औषधाचं नुसतं बाजारातलं नाव चालणार नाही. घटक, प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, हे तिन्ही लिहावं. निर्यातीची बाग असेल तर शेवटची गोष्ट राहून जाणं परवडत नाही, कारण मालात औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर तो माल नाकारला जातो.

आदराच्या नियमाला दोन ओळी पुरतात: "फवारणीवर बोला, माणसावर नको. कोणाच्या बागेच्या फोटोला हसायचं नाही." फोटोवर एकदा "अण्णा, बाग हाय का रान?" असं आलं की तो माणूस पुढचा रोग दाखवतच नाही. इथे दुकानदारांची एक चूक हमखास होते. स्वतःच्या मालाबद्दलची तक्रारही ते "अनादर" म्हणून उडवतात. तक्रार राहू द्या. पावती आणि बॅच नंबरसह मांडायला सांगा आणि ग्रुपवरच उत्तर द्या.

जाहिरातीवर सरसकट बंदी घातली की ती थांबत नाही, खासगी मेसेजमध्ये जाते. ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतातच. त्यापेक्षा दार उघडं ठेवून मर्यादा घाला. नमुना असा:

"स्वतःच्या रानातला माल (द्राक्ष, बेदाणा, हळद, रोपं) विकायचा असेल, तर फक्त रविवारी, एकच मेसेज आणि एकच फोटो. गाव, किती माल, भाव लिहा. दुसऱ्याची फॉरवर्ड जाहिरात, कर्ज-गुंतवणुकीच्या लिंक, बिनबिलाची औषधं चालणार नाहीत. सभासदांना खासगीत विक्रीचे मेसेज करू नका. कोणी केल्यास स्क्रीनशॉट ॲडमिनला पाठवा. पहिल्या वेळी मेसेज काढून खासगीत कळवू, दुसऱ्या वेळी ग्रुपमधून काढू."

खासगी मेसेज ॲडमिनला दिसत नाहीत, म्हणून स्क्रीनशॉटची ओळ गाळू नका. आणि पहिली समज खासगीतच द्या. चारचौघांत टोकलेला गाववाला नियमावर नाही, तुमच्यावर चिडतो.

हे सगळं एकाच लांब मेसेजमध्ये टाकलं तर निम्मा भाग दडतो आणि तो उघडून कोणी वाचत नाही. नियम ग्रुपच्या माहितीत ठेवा, म्हणजे नव्या माणसाला ते शोधावे लागत नाहीत. प्रश्नाचा नमुना वेगळा मेसेज करून पिन करा. पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, मग आपोआप निघतो. ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यात तो नव्याने लावा, कारण पुढच्या दीड-दोन महिन्यांत पानांचे फोटो सगळ्यात जास्त येतात.