कॉफी कडू लागते? मग पावडर कमी करू नका

कॉफी कडू लागली की बहुतेक जण पुढच्या वेळी पावडर कमी घालतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. कॉफीतले आंबट-गोड चवीचे घटक पाण्यात लवकर उतरतात, कडवट आणि तुरट उशिरा. पावडर निम्मी आणि पाणी तेवढंच, असं केलं की त्या थोड्या पावडरीतून शेवटचा कडवटपणाही निघतो. कॉफी पातळ होते आणि कडू ती कडूच राहते.

समजा, तुम्ही फ्रेंच प्रेस, म्हणजे दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं भांडं वापरता आणि डब्यात साउथ इंडियन फिल्टरसाठी दळलेली, चिकोरी घातलेली बारीक पावडर आहे. तिच्यावर उकळतं पाणी ओतलं आणि भांडं दहा मिनिटं तसंच राहिलं. आता ती कॉफी कडू होणारच, शिवाय तोंड कोरडं पडेल. कोरडं पडणं ही जास्त अर्क उतरल्याची खूण. आधी दळण बदला, जाड्या रव्याएवढं हवं. २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम पावडर घ्या. पाण्याला उकळी आली की मिनिटभर थांबून मग ओता. चार मिनिटांनी दट्ट्या दाबून सगळी कॉफी कपात काढा. भांड्यात ठेवलेली कॉफी कडवट होतच राहते. कडक वाटली तर वरून गरम पाणी घाला. पातळ करायची ती अशी, तयार झाल्यावर.

एवढं करूनही कडूच लागली, तर बिया बघा. रोबस्टा जातीच्या बियांत कॅफिन अरेबिका जातीच्या जवळपास दुप्पट असतं. पण कडवटपणाचा मोठा भाग कॅफिनचा नसतोच, तो भाजण्यातून येतो. म्हणून कॅफिन काढलेली डिकॅफ कॉफी घेऊन हा प्रश्न सुटत नाही. बी जितकी काळपट भाजलेली, तितका तिचा कडूपणा जिभेवर रेंगाळणारा. पाकिटावर ‘१०० टक्के अरेबिका, मीडियम रोस्ट’ असं लिहिलेली, चिकोरी नसलेली कॉफी घ्या. चिकमगळूरची अशी कॉफी सहज मिळते.

आणि काही जणांना कडू खरोखरच जास्त लागतं. जिभेवर कडू चव ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राही प्रथिनं असतात आणि ती किती तीव्रतेने काम करतात हे जनुकांनुसार बदलतं. त्यामुळे ‘सवय होईल’ म्हणून कुणाला काळी कॉफी प्यायला लावू नये. अशांनी दूध जरूर घालावं. दुधातली प्रथिनं तुरटपणा बांधून ठेवतात. काळीच हवी असेल तर कपात अगदी चिमटीच्या टोकाएवढं मीठ घाला. त्याने कडू चव दबते. कॉफी खारट लागली तर मीठ जास्त झालं.

कोल्ड ब्रूही अशा जिभेला मानवतं. ५० ग्रॅम जाडसर पावडर ४०० मिली गार पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी गाळा आणि पिताना तेवढंच पाणी किंवा दूध मिसळा. कडवटपणा कमी असला तरी कॅफिन भरपूर असतं, त्यामुळे संध्याकाळनंतर घेऊ नका.