हलशीची सहल बुडवायची कशी? आमचा उलटा प्रयोग

पर्यटनात काहीतरी करायचं म्हणून आम्ही चौघं बेळगावजवळच्या खानापुरात बसलो. पहिल्या तासात निघालं काय, तर होमस्टे, ट्रेक आणि जंगलाच्या कडेला तंबू. जांबोटीच्या रस्त्याला लागलात की याच पाट्या दिसतात. म्हणून मग उलटं विचारमंथन करायचं ठरलं. पद्धत बहुतेकांना माहीत असते. पाहुणा खूश कसा होईल हे विचारायचं नाही, तो पुन्हा इकडे फिरकूच नये म्हणून काय करता येईल ते विचारायचं. मनात येईल ते लिहायचं, कुणाला हसायचं नाही आणि शेवटी एकेक उत्तर उलटवायचं.

उलटवतानाच आम्ही फसलो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. आमच्या यादीत होतं, 'गाडी उशिरा पाठवा', 'गाईडने उद्धट बोलावं', 'जेवण थंड द्यावं'. उलटवल्यावर झालं वेळेवर गाडी, गोड बोलणारा गाईड, गरम जेवण. एका कार्यशाळेतले मार्गदर्शक म्हणाले, "व्वा, झाली तुमची योजना!" तीन आठवडे आम्ही त्यावर माहितीपत्रक रंगवत बसलो. हा धंदा नव्हता, शिष्टाचाराची यादी होती. तुमचं फसतंय का हे ओळखायची खूण सोपी आहे. उलटवलेलं वाक्य केस कापायच्या दुकानालाही लागू पडत असेल तर ते फेकून द्या. (वर्षानुवर्षं एकही धंदा न केलेल्या मार्गदर्शकांबद्दल माझं मत विचारू नका.)

चूक आमच्या यादीतल्या अपयशांमध्ये होती, कारण त्यांना गाव नव्हतं, वेळ नव्हती, माणूस नव्हता. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा प्रश्न बदलला: पुण्याहून आलेलं सहा जणांचं कुटुंब, त्यात एक आजी, रविवारी बेळगावहून हलशी आणि नंदगड बघायला निघालंय, त्यांचा दिवस कसा नासवाल? चहा घेऊन आलेल्या माझ्या मावशीने उभ्याउभ्याच उत्तर दिलं. "बायकांना सकाळी सातला गाडीत बसवा आणि दुपारपर्यंत लघवीला जायची सोय होऊ देऊ नका. त्या पाणीच पिणार नाहीत, मग डोकं धरेल, आणि घरी जाऊन सांगतील की हलशीत बघायला काही नाही."

आम्ही चौघं पुरुष, हे आमच्या यादीत येणारच नव्हतं. हलशी म्हणजे जुन्या कदंब राजांच्या काळातली पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, शिवाय गावात जुनी देवळं आणि जैन बसदी. नीट बघायचं तर दोन-तीन तास लागतात. पण ज्याला घाई झालीय तो वीस मिनिटांत गाडीत येऊन बसतो.

आता हे लगेच उलटवू नका. 'शौचालय बांधा' हे उत्तर आम्हीही दिलं होतं. जागा कुणाची, पाणी कुठलं, रोज धुणार कोण? त्याआधी दोन प्रश्न विचारा. हे अपयश आज कोण घडवतंय, आणि ते थांबवण्यात कुणाचा फायदा का नाही? ड्रायव्हरला भाडं मिळालेलंच असतं. गावात चांगली न्हाणीघरं असलेली घरं आहेत, पण परकी बाई दार वाजवायला लाजते आणि घरची बाई पैसे मागायला लाजते. म्हणजे उणीव होती ती मध्ये बोलणाऱ्याची. कल्पना तिथे सापडली. तीन घरं ठरवायची, आदल्या दिवशी फोन करायचा, माणशी तीस रुपयांत हातपाय धुणं, न्हाणीघर, ओसरीवर टेकणं आणि ताक. जेवण हवं असेल तर वेगळे पैसे. पैसे आम्ही घ्यायचे आणि संध्याकाळी घरी पोचवायचे.

घाबरू नका, याला भांडवल जवळजवळ लागलंच नाही. पाटी रंगवायच्या आधी चार रविवार करून पाहिलं. मात्र या पद्धतीने दुखणं सापडतं, गिऱ्हाईक सापडेलच असं नाही. त्यासाठी पहिल्या दिवसापासून पैसे मागावे लागतात. फुकट म्हटलं की सगळे "छान, छान" म्हणतात. पहिल्या रविवारी दोन गाड्यांपैकी एकीने नकार दिला. दुसरीतल्या आजी ओसरीवर तासभर बसल्या, ताक दोनदा मागून घेतलं आणि मग म्हणाल्या, ते दोन गाभाऱ्यांचं देऊळ आता परत दाखवा.

मर्यादाही कळल्या. लग्नसराईत आणि सुगीत घरं मोकळी नसतात, म्हणून चौथं घर राखून ठेवावं लागलं. रोज जेवण विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी हवी, ती आधी करा. आणि बैठकीला एक तरी अशी व्यक्ती बसवा जी तुमच्यासारखी प्रवास करत नाही. मावशी आता प्रत्येक बैठकीला येते. परवाच म्हणाली, "पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरू द्या आणि आजीला तुमच्या त्या गुळगुळीत चपला घालायला सांगा." त्यावर आम्ही अजून घासाघीस करतोय.